किल्ली एक, दारं अनेक

कॉलेजच्या मुलांसाठी पासवर्डवर पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा म्हटलं की कुलूप-किल्लीची उपमा कुणालाही सुचते. अडचण अशी की बहुतेक स्क्रिप्टमध्ये ती नको त्या जागी वापरलेली असते. पडद्यावर भलंमोठं कुलूप, काळं हूड घातलेला चोर आणि मागून आवाज, ‘पासवर्ड मजबूत ठेवा.’ मुलं ते ऐकतात, नावापुढे @ आणि जन्मसाल जोडून `Sneha@2005` तयार करतात, साइटसुद्धा हिरवी पट्टी दाखवून शाबासकी देते. मग हाच ‘मजबूत’ पासवर्ड पंधरा ठिकाणी वापरला जातो. खरा घोळ तिथे आहे आणि स्क्रिप्टची सुरुवातही तिथूनच करायला हवी.

पहिलं दृश्य होस्टेलच्या खोलीत घ्यावं. एक मुलगी किल्ली फिरवून दार उघडते. त्याच किल्लीने कपाट उघडते, खाली येऊन त्याच किल्लीने स्कूटी सुरू करते. शनिवारी गावी जाते आणि घराचं दारही त्याच किल्लीने उघडते. इथे वर्ग हसतो, कारण असं कुणी करत नाही. मैत्रीण विचारते, “अगं, ही हरवली तर?” ती म्हणते, “जपून ठेवते ना मी!”

या उत्तरावर कॅमेरा थांबवावा, कारण आपण सगळे हेच उत्तर देतो. किल्ली जपणं आपल्या हातात असतं. पासवर्डचं तसं नाही. तो आपण साइटवर टाकतो तेव्हा त्या साइटच्या शिस्तीवरही आपली भिस्त असते. शिवाय किल्ली चोरीला गेली तर खिसा रिकामा होतो, लगेच कळतं. पासवर्ड चोरीला गेला तरी तो आपल्या डोक्यात जसाच्या तसा असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

आता किस्सा. ‘माझ्या मित्राच्या मित्राचं अकाउंट हॅक झालं’ छापाची गोष्ट मुलं लगेच ओळखतात, म्हणून खरी आणि नोंदलेली घटना घ्यावी. २०१२च्या जुलैमध्ये ड्रॉपबॉक्स या फाइल साठवण्याच्या सेवेच्या काही ग्राहकांकडे जाहिरातींचा कचरा यायला लागला आणि तोही फक्त ड्रॉपबॉक्ससाठी उघडलेल्या ईमेल पत्त्यांवर. म्हणजे पत्ते फुटले होते ते तिथूनच. महिनाअखेरीस कंपनीने कारण सांगितलं. दुसऱ्या साइटवरून चोरलेले पासवर्ड वापरून कुणीतरी काही खात्यांत शिरलं होतं आणि त्यातलं एक खातं खुद्द ड्रॉपबॉक्सच्या कर्मचाऱ्याचं होतं. त्यात ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांची फाइल पडून होती. पुढच्या बातम्यांनुसार त्या कर्मचाऱ्याने लिंक्डइनवरचाच पासवर्ड कामाच्या ठिकाणीही ठेवला होता आणि लिंक्डइन त्याच वर्षी फुटलं होतं. प्रकरण एवढ्यावर मिटलं असं वाटत असताना २०१६मध्ये ड्रॉपबॉक्सच्या ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर आले. ती चोरीही २०१२चीच होती. या चोऱ्यांसाठी येव्गेनी निकुलिन या रशियन माणसाला २०२०मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ७ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा दिली.

संगणकावरच पोट असलेल्या कंपनीतल्या माणसाकडून हे घडलं, यातच या किश्शाचं मोल आहे. मुलांना अडाणी ठरवणारी गोष्ट त्यांच्या गळी उतरत नाही. आणि चोराने त्या कर्मचाऱ्यावर महिनाभर पाळत ठेवली असेल, असंही समजू नये. फुटलेल्या याद्या संगणकाला दिल्या की तो तेच ईमेल आणि तोच पासवर्ड घेऊन शेकडो साइटची दारं आपोआप ठोठावत फिरतो. तुमच्याशी कुणाचं वैर असण्याची गरज नसते.

‘सांकेतिक रूपातले पासवर्ड’ म्हणजे काय, हा प्रश्न हुशार मुलगा विचारणारच. उपमा इथेही टिकते. शहाणी साइट तुमची किल्ली स्वतःकडे ठेवतच नाही, त्या किल्लीने उघडणारं कुलूप तेवढं ठेवते. चोर आत शिरला तरी त्याच्या हाती कुलपं लागतात, किल्ल्या नाहीत. पण ती घरी नेऊन तो निवांत एकेक किल्ली घडवून लावून बघू शकतो. साइटवर पाच-सात चुकीचे प्रयत्न झाले की दार बंद होतं, त्याच्या घरी त्याला अडवणारं कुणी नसतं. लिंक्डइनची कुलपं तर त्या काळी फारच साधी होती. एकच पासवर्ड ठेवणाऱ्या सगळ्यांचं कुलूप हुबेहूब सारखं असायचं, म्हणून एक उघडलं की तसली सगळी उघडायची.

आकडा एकच द्यावा, पण तो पडद्यावर मांडून दाखवावा. फक्त लहान इंग्रजी अक्षरांचे आठ अक्षरी पासवर्ड होतात २६ गुणिले २६ असं आठ वेळा, म्हणजे सुमारे २०,८०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. पण अशा साध्या कुलपावर गेम खेळायचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजार कोटी किल्ल्या लावून पाहू शकतं. हिशेब २१ सेकंदांत आटोपतो. `Sneha@2005`ला तेवढाही वेळ लागायचा नाही, कारण चोर आधी नाव, @ आणि साल हाच साचा लावून बघतो. याउलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून पाच शब्द उचलले, तर त्याच वेगाने सगळ्या जोड्या तपासायला सुमारे नव्वद वर्षं लागतात. शब्द मराठी असले, रोमन लिपीत लिहिले तरी चालतं: `maath undir khidki karvand jhopala`. फासे मात्र खरोखर टाकायचे. आपल्या मनाने निवडले की माणूस आई, प्रेम आणि क्रिकेटवरच येऊन थांबतो.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा सल्ला स्क्रिप्टमधून खुशाल काढून टाकावा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनेच २०१७मध्ये तो मागे घेतला. सक्तीने बदलायला लावलं की लोक शेवटच्या १चा २ करतात, हे कळायला संशोधनाची गरज नव्हती. फुटल्याची शंका आली की मात्र लगेच बदलावा. आपला ईमेल कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का, हे haveibeenpwned.com वर फुकट पाहता येतं. मुलांना व्हिडिओ चालू असतानाच ते करायला लावावं. बरेच जण मोबाइलकडे बघत गप्प होतात.

उरलेल्या मिनिटात पंधरा किल्ल्यांचं करायचं काय, ते सांगावं. पंधरा पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाहीत आणि तशी अपेक्षाही करू नये. ते पासवर्ड मॅनेजर सांभाळतो. माणसाने दोनच पाठ करायचे, एक मॅनेजरचा आणि एक ईमेलचा. ईमेलचा सगळ्यांत आधी बदलायचा, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारली की बाकी सगळ्या दारांच्या नव्या किल्ल्या तिथेच येऊन पडतात. त्या दोन्हींवर दुसरं कुलूप, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, लावायचं. तेही अभेद्य नाही. खोट्या पानावर तुम्हीच ओटीपी टाकलात, तर चोर पुढच्या क्षणी तो खऱ्या पानावर टाकतो. मॅनेजर इथे नकळत राखण करतो, कारण पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी तो पासवर्ड आपणहून भरत नाही. भरला नाही की हाताने टाइप करायच्या आधी वरचा पत्ता वाचायचा.

शेवटचं दृश्य कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेत घ्यावं. ब्राउझर विचारतो, पासवर्ड सेव्ह करू? घाईत मुलगा ‘हो’ म्हणतो आणि प्रिंटआउट घेऊन निघून जातो. पुढच्या खुर्चीवर बसणारी मुलगी नावाचं पहिलं अक्षर टाकते आणि त्याचं पूर्ण लॉगिन पडद्यावर येतं. तिच्या मनात काही वाईट नसतं, तिला फक्त तिचा फॉर्म भरायचा असतो.