श्वास घेताना बरगड्या कशा हलतात?

एक तळहात छातीच्या मधल्या हाडावर आणि दुसरा कुशीला, खालच्या बरगड्यांवर ठेवा. आता खोल श्वास घ्या. पहिला हात वर आणि पुढे सरकेल, दुसरा बाजूला.

असे का होते? बरगडी पाठीच्या कण्यापासून पुढे येताना खाली उतरते. श्वास घेताना वरच्या बरगड्यांचे पुढचे टोक हापशाच्या दांड्यासारखे उचलले जाते. ते वर जाताना पुढेही जाते, म्हणून छातीची पुढून मागे खोली वाढते. खालच्या बरगड्यांचा मधला भाग मात्र बादलीच्या पडलेल्या कडीसारखा खाली असतो. कडी उचलली की ती बाहेर येते, तशी छातीची रुंदी वाढते.

म्हणजे जागा वाढते ती या उतारामुळे. अनेक वर्षांच्या धूम्रपानाने एम्फिसीमा झाला, की फुप्फुसे फुगलेलीच राहतात. बरगड्या आधीच आडव्या होतात आणि छाती पिंपासारखी गोल दिसते. आडवी बरगडी आणखी उचलून फारशी जागा मिळत नाही. श्वासपटलही सपाट झालेले असते, त्यामुळे श्वास घेताना खालच्या बरगड्या कधी कधी उलट आत ओढल्या जातात. असे दिसले किंवा थोडे चालूनही धाप लागली, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा.