आजोबांची वही, चार मिनिटांचं भाषण

आजोबांच्या जयंतीला घरातल्या कुणीतरी चार शब्द बोलायचे असतात. त्यांच्या हस्ताक्षरातली आठवणींची वही कुणीतरी टंकून ठेवलेली असते, ती जवळपास वीस हजार शब्दांची. सावकाश, सर्वांना ऐकू जाईल असं मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलता येतात. म्हणजे भाषणात चारशे शब्द मावणार. जन्म, शाळा, नोकरी, लग्न असं सगळं कोंबलं तर नुसती जंत्री होते. त्यापेक्षा वहीतला एकच दिवस निवडावा.

उदाहरणादाखल, वही पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका आजोबांची आहे असं धरू. त्यांनी लिहिलंय : ‘१९६२ साली धरण फुटले. कपाट उचलता येईना. आईने देव्हारा व माझे दप्तर तेवढे घेतले. मागून २॥ रुपयांची घोंगडी आणली.’

आधी हा मजकूर मूळ पानाशी ताडून पाहावा. टंकणाऱ्याची नजर ‘ख’ला ‘रव’ वाचते, ‘घ’ आणि ‘ध’ यांत चुकते. ‘२॥’ म्हणजे अडीच. पुढच्या दोन उभ्या रेघा अर्ध्याची खूण असतात, पण नव्या पिढीला ते दोनशे अकरा वाटतात. अडीच रुपयांच्या जागी दोनशे अकरा रुपयांची घोंगडी दिसली, की चूक तिथेच ओळखता येते.

मग साल. पानशेत धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ रोजी. पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली आणि पाणी पुण्यात शिरलं. आजोबांना लिहिताना एक वर्षाची चूक झाली. टंकलेल्या प्रतीत १९६२ तसंच ठेवून शेजारी टीप द्यावी. भाषणात मात्र खरी तारीख सांगावी.

आता बांधणी. सुरुवातीला स्वतःची दोन वाक्यं पुरेत : ‘१२ जुलै १९६१. पानशेतचं पाणी शनिवार पेठेत चढत होतं.’ मग आजोबांची वाक्यं जशीच्या तशी वाचावीत. ‘येईना’, ‘तेवढे घेतले’ हे त्यांचं बोलणं आहे, ते गुळगुळीत करू नये. ‘आजोबा किती घाबरले असतील’ असं स्वतःचं काही त्यात मिसळू नये; वहीत नाही ते त्यांच्या तोंडी घालायचा आपल्याला अधिकार नाही. आपलं मत द्यायचंच असेल तर शेवटी, ‘मला वाटतं’ म्हणून द्यावं. पणजीने सामानातून दप्तर निवडलं, आणि त्या दप्तरामुळे आजोबांची शाळा पुढे चालू राहिली असं वहीत पुढे आलं असेल, तर भाषणाचा शेवट तिथेच मिळतो.

उसनवारी, भावकीचे वाद अशी पानं वगळावीत. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांची मुलं-नातवंडं समोर बसलेली असतात. कार्यक्रमाआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा. गल्लीचं नाव, नातं, क्रम यांतल्या चुका तिथेच सापडतात.