अर्धी वीज तारेतच

गोंदिया जिल्ह्यात उन्हाळी धानाला पाणी द्यायचे तर विहिरीवरची किंवा बोअरवरची मोटर आणि विजेचा खांब यांच्यातले अंतर शेतकऱ्याला नेहमीच आडवे येते. खांब रस्त्याला असतो आणि बांध्या आत असतात. मग मिळेल ती तार ओढली जाते. या तारेत भौतिकशास्त्राचा एक नियम दडलेला आहे. उगमातून जास्तीत जास्त शक्ती घ्यायची असेल, तर भाराचा रोध उगमाच्या अंतर्गत रोधाइतका असावा, असे तो सांगतो. पण ही अट पाळली की बरोबर अर्धी वीज वाया जाते.

उदाहरण म्हणून खांबावर २३० व्होल्ट आहेत असे धरू. तिथून सुमारे पावणेदोनशे मीटर आत अडीच चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार नेली आहे. जाणारी आणि येणारी तार मिळून रोध जवळपास ४ ओहम होतो. मोटरीपाशी उभे राहून पाहिले तर हा रोध उगमाचाच भाग ठरतो. हिशेब सोपा राहावा म्हणून मोटरीऐवजी हीटरसारखा साधा भार जोडू.

भाराचा रोध ३६ ओहम असेल तर एकूण रोध ४० ओहम आणि करंट पावणेसहा अँपिअर. भाराला २०७ व्होल्टवर सुमारे १,१९० वॅट मिळतात. तार १३० वॅटच्या आसपास खाते. कार्यक्षमता ९० टक्के.

आता भाराचा रोध कमी करत ४ ओहमवर आणू. करंट वाढून पावणेएकोणतीस अँपिअर होतो आणि भाराला सुमारे ३,३०० वॅट मिळतात. या तारेतून याहून जास्त शक्ती पोचूच शकत नाही. मात्र तोच करंट तेवढ्याच रोधाच्या तारेतूनही वाहतो, म्हणून तारेतही ३,३०० वॅटची उष्णता होते. व्होल्टेज दोघांत समान वाटले जाते, भारापाशी ११५ उरते. प्रत्यक्षात इतकी बारीक तार हा करंट सोसणार नाही, तिचे आवरणच वितळेल.

रोध आणखी उतरवून १ ओहम केला तर करंट ४६ अँपिअरवर जातो, पण भाराला मिळणारी शक्ती २,१०० वॅटवर घसरते आणि तारेत तिच्या चौपट जळते. शक्ती म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार. भाराचा रोध घटवला की करंट वाढतो आणि भाराच्या वाट्याचे व्होल्टेज घटते. दोन्ही रोध समान होईपर्यंत करंटची वाढ वरचढ असते, त्यापुढे व्होल्टेजची घट.

या नियमाचा चुकीचा अर्थ एके काळी जाणकारांनीही लावला. हा नियम मॉरिट्झ फॉन याकोबी यांच्या नावाने १८४०च्या सुमारास पुढे आला आणि विद्युत यंत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांपलीकडे जाणारच नाही, अशी समजूत रुजली. नियमात उगमाचा रोध ठरलेला आहे आणि निवड फक्त भाराची करायची आहे, हे निसटले. एडिसन आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी १८७९ साली भाराच्या मानाने अगदी कमी अंतर्गत रोधाचा डायनामो बनवला आणि ती समजूत मोडली. आज आपल्याच जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. असे जनित्र अर्ध्या कार्यक्षमतेवर चालवले तर जेवढी वीज बाहेर जाईल तेवढीच उष्णता त्याच्या पोटात साठेल आणि ते जळून जाईल. म्हणून वीजनिर्मितीत ही अट कोणी पाळत नाही.

सौर पंपाचा कंट्रोलर मात्र सतत कमाल शक्तीचा बिंदू शोधत असतो, आणि ते योग्यच आहे. न वापरलेले ऊन आपण साठवून ठेवू शकत नाही. शिवाय सौर पॅनेलचा रोध स्थिर नसतो. त्याचा कमाल शक्तीचा बिंदू खुल्या व्होल्टेजच्या साधारण ८० टक्क्यांवर येतो, त्यामुळे अर्ध्याचा हिशेब तिथे लागूच होत नाही.

शेतातल्या मोटरीचे दुखणे हीटरपेक्षा वाईट असते. व्होल्टेज पडले तरी पाणी तेवढेच ओढायचे असल्याने ती जास्त करंट घेते. त्याने तारेतली घट आणखी वाढते आणि वाइंडिंग तापते. आपल्या जोडणीचा रोध मोजणे अवघड नाही. मोटरीपाशी आधी बंद असताना आणि मग चालू असताना व्होल्टेज घ्या, क्लॅम्प मीटरने करंट पाहा. फरकाला करंटने भागले की रोधाचा अंदाज येतो: २३०चे २०७ झाले आणि करंट पावणेसहा असेल तर सुमारे ४ ओहम. यात डीपीपासून खांबापर्यंतच्या लाइनचाही वाटा येतो, म्हणून खांबापाशीही असेच मोजावे. तिथे व्होल्टेज टिकत असेल तर दोष आपल्या तारेत आहे. आपल्या उदाहरणात त्याच अंतराला १० चौरस मिलिमीटरची तार घातली की रोध १ ओहमवर येतो आणि ३६ ओहमच्या भाराला ९७ टक्के वीज पोचते. उन्हाळी धानाची पाळी सुरू होण्याआधी वायरमनकडून हे माप एकदा घेऊन ठेवा.