डोजीनंतरचा दिवस

समजा, एक शेअर आठवडाभर चढत ४६० वरून ५०० रुपयांवर आला. आज तो ५०० ला उघडला, ५०८ पर्यंत गेला, ४९३ पर्यंत घसरला आणि ५००.५० ला बंद झाला. चार्टवर अधिकच्या चिन्हासारखी, जवळजवळ अंगच नसलेली मेणबत्ती उमटते. हीच डोजी. खरेदीदार आणि विक्रेते दिवसभर झुंजले, कुणीच जिंकलं नाही, एवढंच ती सांगते. तेजी संपली असं ती म्हणत नाही.

विकायचा विचार करायचा तर पुढची मेणबत्ती ४९३ च्या खाली बंद व्हायला हवी, तीही नेहमीपेक्षा जास्त उलाढालीसह. भाव नुसता ४९० ला शिवून वर परतला, तर ती खूण धरू नये. ५०८ च्या वर बंद झाला, तर तेजी फक्त दम खाऊन पुढे निघाली. मधेच घुटमळला तर थांबायचं. घाई करणारे नेमके इथेच अडकतात.

खूण मिळाली तरी हिशेब उरतोच. ४९१ ला विकून ५०९ ला स्टॉपलॉस लावला, तर शेअरमागे जोखीम १८ रुपयांची. खाली ४८५ लाच भक्कम आधार असेल, तर मिळकत जेमतेम सहा रुपयांची. असा सौदा सोडलेला बरा. आडव्या बाजारात तर डोजी वरचेवर दिसतात. तिथे मी त्यांच्याकडे बघतही नाही.