‘कर्म माझं!’ म्हणताना

एसटी डोळ्यांदेखत सुटली की स्थानकावरचा माणूस कपाळावर हात मारून म्हणतो, ‘कर्म माझं!’ लॉटरी लागल्यावर असं कोणी म्हणत नाही. तिथे नशीब येतं, नाहीतर वाडवडिलांची पुण्याई. बोलण्यातलं कर्म बहुधा वाईटाच्याच वाट्याला आलेलं असतं, आणि ते भोगायचं असतं. करायचं नसतं.

मूळ धातू मात्र ‘कृ’, म्हणजे करणं. मीमांसकांसाठी कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञयागादी विधी; आपल्या ‘कर्मकांड’ आणि ‘कर्मठ’ या शब्दांत तो अर्थ अजून आहे. वेदान्तात कर्माचे तीन भाग सांगतात. जन्मोजन्मी साठलेलं ते संचित, त्यातलं ज्याचं फळ या जन्मी मिळू लागलं ते प्रारब्ध आणि आज हातून घडतं आहे ते क्रियमाण. सुटलेला बाण परत घेता येत नाही, तसं प्रारब्ध. पण धनुष्याला लावलेला बाण अजून आपल्या हातात असतो. कपाळावर हात मारणारा या तिघांतलं फक्त प्रारब्ध उचलतो आणि त्यालाच अख्खं कर्म समजतो. ‘दैव देतं, कर्म नेतं’ ही म्हण त्याहून जाणती आहे. तिच्यात दैव वेगळं आणि आपली करणी वेगळी.

हा गैरसमज सर्वांत जास्त टोचतो तो आजारी माणसाला. ‘मागच्या जन्मीचं कर्म, दुसरं काय!’ असं त्याच्या उशाशी बसून सहज बोललं जातं. या समजुतीला जुन्या ग्रंथांचा आधारच नाही असं नाही. अमुक पापाने अमुक रोग होतो, असं सांगणारे कर्मविपाकाचे ग्रंथ आपल्याकडे आहेत.

पण हाच प्रश्न मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारल्याचं पाली संयुत्तनिकायात आहे. माणसाला होणारं प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होतं, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपलं मत काय? बुद्धांनी कारणं मोजून दाखवली: पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची नीट न राखलेली निगा, अचानक झालेला आघात आणि शेवटी कर्माचा विपाक. आठांतलं एकच कारण कर्म. पित्ताने दुखतं हे माणसाला स्वतःला कळतं, लोकांनाही ठाऊक असतं. तेव्हा सगळं कर्मावर ढकलणारे अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे धावतात, असं त्यांचं उत्तर होतं. कर्मविपाक मानणाऱ्या परंपरेतच ही मर्यादा घातलेली आहे, हे विशेष.

लोकमान्य टिळकांनीही ‘गीतारहस्या’च्या दहाव्या प्रकरणात हा पेच हाताळला. माणूस कर्माने बांधलेला असेल, तर त्याला प्रयत्नाचं स्वातंत्र्य उरतं का? उरतं, असा त्यांचा निर्णय आहे. त्या प्रकरणाचं नावच मुळी ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं आहे.