उरलेली जोडी

पाचवी-सहावीच्या भूगोलात ‘जोड्या लावा’ हा प्रश्न हमखास असतो. डावीकडे पाच नावे, उजवीकडे पाच खंड. यात चार जोड्या जमल्या की पाचवी आपोआप जुळते आणि मुलाला ती खरोखर माहीत होती का, हे कळत नाही.

म्हणून डावीकडे नाईल, अँडीज, गोबी, आल्प्स, अटाकामा द्यावेत. उजवीकडे आफ्रिका, आशिया, युरोप, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया. एक खंड दोनदा वापरता येईल आणि एखादा उरेलही, हे आधीच सांगावे. इथे दक्षिण अमेरिका दोनदा येते, ऑस्ट्रेलिया उरतो.

अटाकामा आफ्रिकेला जोडणारी मुले बरीच भेटतात. वाळवंट म्हणजे सहारा, हे त्यांच्या मनात पक्के असते. अशा वेळी नकाशावर अँडीजवरून बोट फिरवायला लावावे. पूर्वेकडून येणारे बाष्प ही रांग अडवते, पश्चिमेला किनाऱ्याजवळचा थंड सागरी प्रवाह पाऊस पडू देत नाही. मधली चिलीची कोरडी पट्टी म्हणजे अटाकामा.

उरल पर्वत मात्र या प्रश्नात घालू नये. युरोप आणि आशियाची सीमाच त्याच्यावरून मानतात, त्यामुळे दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात.