सांगलीच्या जिममधला यवतेश्वर घाट

2012 पासून होणाऱ्या सातारा हिल मॅरेथॉनचे धावक शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढतात, कास रस्त्यावर वळसा घेतात आणि त्याच घाटाने खाली येतात. अंतर 21 किलोमीटर. शर्यत पावसाळ्यात असल्याने तयारीचे महिनेही पावसाचेच. सातारकर निदान धुक्यात का होईना, रोज घाट चढू शकतो. सांगलीकराची अडचण दुहेरी आहे. गाव सपाट, आणि कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाच्या पातळीकडे. मग रविवारची लांब धाव जिममध्ये येते. शर्यतीच्या फोटोंत न दिसणारी ही तयारी मी जवळून पाहिली आहे.

आमच्यातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले. सपाट रस्त्यावर त्यांचा आरामाचा वेग किलोमीटरला सात मिनिटं, म्हणजे ताशी 8.6 किलोमीटर. ट्रेडमिलवर त्यांनी तोच वेग ठेवला आणि इनक्लाइन थेट 5 केला. थोड्याच वेळात दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरलेली.

कोच म्हणाले, "काका, दांडी सोडा."

"सोडली तर मागं जाईन की!"

"मग वेग जास्त आहे. दांडी धरून मागं रेललात की चढ फक्त आकड्यात राहतो, पायांना लागत नाही."

तिथेच हिशेब झाला. इनक्लाइनचा आकडा अंशाचा नसतो, टक्क्याचा असतो. 5 म्हणजे शंभर मीटरमागे पाच मीटर चढ. व्यायामशास्त्रातल्या प्रचलित सूत्राप्रमाणे 5 टक्के चढावर त्याच वेगाला साधारण 22 टक्के जास्त मेहनत लागते. म्हणून 8.6 ला 1.22 ने भागायचं. उत्तर ताशी 7. आकडा बघून काकांचा चेहरा पडला, पण धाप मात्र रस्त्यावरच्या धावेसारखी झाली आणि पूर्ण वाक्य बोलता यायला लागलं. खरी खूण तीच.

"सपाट रस्त्यासाठी 1 टक्का ठेवा" हा सल्ला प्रत्येक जिममध्ये ऐकू येतो. 1996 मध्ये जोन्स आणि डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी केलेल्या प्रयोगातून तो आला. बाहेर वारा कापावा लागतो, आत नाही. ती कसर 1 टक्का चढ भरून काढतो. पण प्रयोगातले वेग ताशी साडेदहा किलोमीटर आणि त्यापुढचे होते. काकांच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा इतका कमी की शून्यावर धावलं तरी फारसं बिघडत नाही.

शेजारच्या मशीनवर मात्र तोच 7 फार सोपा वाटायचा. कोचनी मशीन बंद असताना टेपने पट्ट्याची पूर्ण लांबी मोजली. 3.2 मीटर भरली. मग पट्ट्यावर खडूची रेघ मारून काकांना वर धावायला लावलं, कारण अंगाचं वजन पडल्यावरच पट्ट्याचा खरा वेग कळतो. ताशी 7 ला मिनिटाला 36 फेरे हवेत. रेघ 33 वेळाच आली. म्हणजे खरा वेग जेमतेम 6.3. त्या मशीनवर मग सगळे थोडा वरचा आकडा लावू लागले.

कंटाळ्यावर उपाय एका ताईंनी काढला. त्यांनी घाटाचे टप्पे कागदावर उतरवले आणि तो कागद स्क्रीनवर चिकटवला, त्यामुळे सरकणारे सेकंदही झाकले गेले. सुरुवातीला दहा मिनिटं 1 टक्का, मग 12 मिनिटं 5 टक्के आणि तीन मिनिटं 2 टक्के, अशा फेऱ्या. घाटाची ती हुबेहूब नक्कल नव्हती, पण पुढचं वळण जवळ आलं की मन तिकडे लागायचं. दर फेरीनंतर पाण्याचे दोन घोट. मशीन ठरावीक वेळेनंतर आपोआप थांबत असे, तेव्हा कोरडा टी-शर्ट घालायचा. गाणी, सिनेमा यांपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडला असं माझं मत आहे.

पंखा मात्र समोर हवाच. बंद हॉलमध्ये घाम वाळत नाही, अंग तापतं आणि वेग तोच असूनही तासाभरानंतर नाडी चढत जाते. अशा वेळी चढ तसाच ठेवून वेग थोडा उतरवायचा.

उताराचं काय, हा प्रश्न मशीन सोडवू शकलं नाही. बहुतेक ट्रेडमिल शून्याच्या खाली झुकत नाहीत, आणि या शर्यतीचा अर्धा भाग परतीचा आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यांना ती सवय पट्ट्यावर लागत नाही. म्हणून पाऊस उघडला की मंडळी मिरजेजवळच्या दंडोबाला जायची, वर चालत आणि खाली लहान पावलं टाकत धावत. पहिल्या खेपेनंतर काकांना दोन दिवस जिना उतरवत नव्हता. पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी झालं, कारण स्नायू एका खेपेतच सावरायला शिकतात. त्यामुळे दंडोबाची पहिली फेरी शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी उरकायची, असं आता ठरलेलंच आहे.